कल्चर रिपोर्टवरचा ‘आय’ : ब्रेकपॉइंट कसे वाचावेत आणि इंटरमिजिएट कसे कळवावे

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास प्रयोगशाळेतला फोन वाजतो आणि पलीकडून अतिदक्षता विभागातला निवासी डॉक्टर विचारतो, “मॅडम, ब्लड कल्चरमध्ये सेफेपिमला ‘आय’ आलाय. म्हणजे बंदच करायचं ना?” हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे, की सूक्ष्मजीवशास्त्र विभागात नव्याने रुजू होणाऱ्या निवासी डॉक्टरांना आणि तंत्रज्ञांना मी पहिल्याच आठवड्यात त्याचे उत्तर द्यायला बसवते. बहुतेक जण ‘एस म्हणजे चालेल, आर म्हणजे चालणार नाही, आय म्हणजे अर्धवट चालेल’ असे उत्तर देतात. यातले तिसरे वाक्य चुकीचे आहे, आणि ते चुकीचे का आहे हे कळण्यासाठी ब्रेकपॉइंटची रेषा कशावरून ओढली जाते हे आधी समजून घ्यावे लागते.

प्रयोगशाळेत आपण मोजतो ती गोष्ट एकच असते. विशिष्ट जीवाणूची वाढ थांबवायला त्या प्रतिजैविकाचे कमीत कमी किती प्रमाण लागते, याला एमआयसी म्हणतात आणि ते मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये लिहितात. ब्रॉथ मायक्रोडायल्युशनमध्ये आपण औषधाचे प्रमाण दरवेळी दुप्पट करत जातो, म्हणजे ०.२५, ०.५, १, २, ४, ८ अशा वाटी-वाटीत वाढत्या प्रमाणात औषध असते, आणि ज्या पहिल्या वाटीत वाढ दिसत नाही ती एमआयसी. डिस्क पद्धतीत हीच गोष्ट आपण उलट बाजूने पाहतो. डिस्कपासून दूर जाताना औषधाचे प्रमाण कमी होत जाते, आणि जिथे वाढ सुरू होते तिथपर्यंतच्या वर्तुळाचा, म्हणजे झोनचा, व्यास मिलिमीटरमध्ये मोजतो. एमआयसी जितकी कमी तितका झोन मोठा, हे नाते लक्षात ठेवले की पुढचे सगळे सोपे जाते.

पण ही संख्या एकटी असताना काहीच सांगत नाही. नवखा माणूस रिपोर्टवर सिप्रोफ्लॉक्सासिनसमोर ०.५ आणि अमिकासिनसमोर ४ पाहतो आणि सिप्रोची संख्या लहान म्हणून सिप्रो अधिक चांगले असे समजतो. प्रत्यक्षात ई. कोलायसाठी, अमेरिकेतील सीएलएसआय या संस्थेच्या सध्याच्या तक्त्यानुसार, अमिकासिनची ४ ही एमआयसी ‘एस’ आहे आणि सिप्रोची ०.५ ‘आय’ आहे. प्रत्येक औषधाचा डोस वेगळा, रक्तातली पातळी वेगळी, ते जीवाणूला मारते त्याची रीत वेगळी, म्हणून एका औषधाची एमआयसी दुसऱ्या औषधाच्या एमआयसीशी कधीच ताडून पाहायची नाही. ज्या मोजपट्टीवर ती संख्या वाचायची, ती त्या औषधाची आणि त्या जीवाणूची स्वतंत्र पट्टी म्हणजेच ब्रेकपॉइंट.

रेषा कुठून येते

ब्रेकपॉइंट ठरवताना तीन गोष्टी एकत्र पाहिल्या जातात. पहिली म्हणजे प्रतिरोधाची कोणतीही यंत्रणा अंगी न आलेल्या जीवाणूंच्या एमआयसी कुठे गोळा होतात. दुसरी म्हणजे नेहमीच्या डोसमध्ये औषध शरीरात किती पातळी गाठते आणि ती किती वेळ टिकते. तिसरी म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांमध्ये कोणत्या एमआयसीपर्यंत उपचार यशस्वी झाले. यातली दुसरी गोष्ट आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे, म्हणून ती सेफेपिमच्या उदाहरणावरून जरा सावकाश पाहू.

सेफेपिम हे बीटा-लॅक्टम गटातले औषध. या गटात औषधाची पातळी किती उंच गेली यापेक्षा दोन डोसांमधल्या काळापैकी किती वेळ ती एमआयसीच्या वर राहिली याला महत्त्व असते. एमआयसी २ असलेल्या जीवाणूच्या बाबतीत दर १२ तासांनी १ ग्रॅम इतक्या साध्या डोसमध्येही पातळी पुरेसा वेळ वर राहते. एमआयसी ४ झाली की तोच डोस कमी पडू लागतो, कारण पातळी उतरताना ४ ची रेषा ती बऱ्याच आधी ओलांडते. तेव्हा दर ८ तासांनी १ ग्रॅम किंवा दर १२ तासांनी २ ग्रॅम द्यावे लागतात. एमआयसी ८ असेल तर दर ८ तासांनी २ ग्रॅम, म्हणजे मंजूर डोसांतला सर्वांत मोठा डोस लागतो. १६ ला मंजूर डोसांपैकी कोणताही डोस भरवशाने पुरत नाही. हे सगळे आकडे मूत्रपिंडे नीट काम करत असलेल्या प्रौढासाठी आहेत.

आता हीच शिडी तक्त्यात कशी उतरली ते पाहा. सीएलएसआयने २०१४ मध्ये एन्टेरोबॅक्टेरेल्स, म्हणजे ई. कोलाय ज्यात मोडतो त्या गटासाठी सेफेपिमचे ब्रेकपॉइंट बदलले. २ किंवा त्याखाली असेल तर ‘एस’, १६ किंवा त्याहून अधिक असेल तर ‘आर’, आणि मधल्या ४ व ८ या दोन पायऱ्यांना ‘आय’ न म्हणता ‘एसडीडी’ असे नवे नाव दिले. ‘डोसवर अवलंबून संवेदनशील’ असा त्याचा सरळ अर्थ होतो. ३० मायक्रोग्रॅमच्या डिस्कसाठी याच रेषा २५ मिलिमीटर व अधिक ‘एस’, १९ ते २४ ‘एसडीडी’ आणि १८ व कमी ‘आर’ अशा आहेत. सांगायचा मुद्दा असा, की ‘एस’ या अक्षरात एक डोस गृहीत धरलेला असतो आणि तो डोस रिपोर्टवर छापलेला नसतो. मधली श्रेणी ही त्या गृहीत डोसाच्या पलीकडची जागा आहे.

मध्ये पट्टा का लागतो

मधल्या श्रेणीचे आणखी एक जुने कारण आहे आणि ते निव्वळ मोजमापाचे आहे. तीच चाचणी त्याच जीवाणूवर दोन दिवस केली तर एमआयसी एका पायरीने वर किंवा खाली येऊ शकते. ही या पद्धतीची मान्य केलेली मर्यादा आहे, तंत्रज्ञाची चूक नव्हे. ‘एस’ आणि ‘आर’ यांच्यामध्ये एकच रेषा असती तर आज ‘एस’ आलेला जीवाणू उद्या ‘आर’ आला असता, आणि प्रतिरोधी जीवाणूला संवेदनशील ठरवणे ही या कामातली सर्वांत घातक चूक आहे. मध्ये एक पायरी ठेवली की मोजमाप एका पायरीने घसरले तरी निकाल ‘एस’वरून ‘आय’वर किंवा ‘आर’वरून ‘आय’वर जातो, थेट टोकापासून टोकापर्यंत जात नाही. ज्या औषधांमध्ये सुरक्षित मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर कमी असते, त्यांच्यासाठी हा पट्टा विशेष मोलाचा ठरतो, कारण तिथे डोस वाढवून वेळ मारून नेता येत नाही.

म्हणजे रिपोर्टवरचे ‘आय’ हे एकच अक्षर निरनिराळ्या प्रकारच्या गोष्टी सांगत असते. मोजमापाचा पट्टा, डोस वाढवण्याची अट आणि संसर्गाच्या जागेची अट या त्यातल्या मुख्य. यातली कोणती लागू आहे हे अक्षरावरून कळत नाही. ते तक्त्याच्या ओळीवरून कळते, आणि म्हणून पहिले काम योग्य ओळ शोधण्याचे.

पायरी पहिली : योग्य ओळ शोधणे

ओळ शोधताना जीवाणूचा गट, औषध, नमुना कुठला आहे आणि तक्ता कोणत्या वर्षीचा आहे या चार गोष्टी जुळल्या पाहिजेत. पहिल्या दोन कोणी चुकवत नाही. घोळ होतो तो वर्षाचा. भारतातल्या बहुतेक प्रयोगशाळा सीएलएसआयचा एम१०० हा तक्ता वापरतात आणि तो दरवर्षी नव्याने निघतो. सिप्रोफ्लॉक्सासिनचेच घ्या. २०१९ पूर्वी ई. कोलायसारख्या जीवाणूंसाठी १ व कमी ‘एस’, २ ‘आय’, ४ व अधिक ‘आर’ असे ब्रेकपॉइंट होते. २०१९ मध्ये ते ०.२५ व कमी ‘एस’, ०.५ ‘आय’, १ व अधिक ‘आर’ असे झाले. ज्या जीवाणूची एमआयसी १ आहे तो जुन्या तक्त्यात संवेदनशील आणि नव्या तक्त्यात प्रतिरोधी ठरतो. जीवाणू तोच असतो, फक्त रेषा सरकलेली असते. तेव्हा भिंतीवर लॅमिनेट करून लावलेला तक्ता पाहण्याआधी त्याच्या तळाशी छापलेले वर्ष पाहावे, आणि स्वयंचलित यंत्रात कोणत्या वर्षीचे ब्रेकपॉइंट भरलेले आहेत हे यंत्राच्या प्रतिनिधीकडून लेखी मागून घ्यावे. माझ्या अनुभवात हे विचारायचे कोणाच्या मनातच येत नाही, कारण यंत्राने छापलेले अक्षर खरेच असणार असे गृहीत धरलेले असते.

एक बारीक फरक आणखी. सीएलएसआय प्रतिरोधाची रेषा ‘इतके किंवा अधिक’ अशी लिहिते, तर युरोपातली युकास्ट ही समिती ‘इतक्याहून अधिक’ अशी लिहिते. सीएलएसआयचे ‘१६ व अधिक’ आणि युकास्टचे ‘८ हून अधिक’ दुप्पटीच्या शिडीवर एकच होतात. घाईत वाचणारा मात्र ८ आणि १६ पाहून दोन वेगळ्या रेषा समजतो.

पायरी दुसरी : संख्येवर विश्वास ठेवावा का

झोन ब्रेकपॉइंटपासून दोन-तीन मिलिमीटरच्या अंतरात असेल तर अक्षर लिहिण्यापूर्वी मोजमाप तपासावे. म्युलर-हिंटन आगरची जाडी ४ मिलिमीटर असायला हवी. ती जाड ओतली गेली तर झोन लहान येतात आणि पातळ ओतली गेली तर मोठे. जीवाणूंचे सस्पेन्शन ०.५ मॅकफार्लंडच्या गढूळपणाचे असावे, म्हणजे मिलिलिटरमध्ये साधारण १० ते २० कोटी जीवाणू. ते बनवल्यापासून १५ मिनिटांत प्लेटवर लॉन झाला पाहिजे, नाहीतर ट्यूब बाकावर राहून जीवाणू वाढतात आणि झोन आक्रसतात. साधारण ३५ अंश सेल्सियसला १६ ते १८ तास ठेवल्यावर प्लेट उलटी धरून, काळ्या पृष्ठभागावर, परावर्तित प्रकाशात मागच्या बाजूने झोन मोजायचा आणि पूर्ण मिलिमीटरमध्ये लिहायचा.

डिस्कचा डबा हा आपल्याकडे पावसाळ्यात हमखास त्रास देणारा भाग आहे. फ्रीजमधून काढलेला डबा लगेच उघडला तर कोकणातल्या काय आणि मुंबईतल्या काय, जुलैच्या दमट हवेतले पाणी थंड डिस्कवर जमते, आणि बीटा-लॅक्टम औषधे ओलाव्याने हळूहळू निकामी होतात. म्हणून डबा खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावा. डिस्क कमजोर झाली आहे का हे कळायचा मार्ग म्हणजे प्रमाणित ई. कोलाय एटीसीसी २५९२२ हा जीवाणू. सेफेपिमसाठी त्याचा झोन ३१ ते ३७ मिलिमीटरच्या आत यायला हवा. तो २९ आला, तर त्या दिवशी रुग्णांचे झोनही लहान येत असणार आणि काही ‘एस’ निकाल नाहक मधल्या श्रेणीत ढकलले जात असणार. एखाद्या औषधाचे ‘आय’ निकाल एका आठवड्यात अचानक वाढले तर वॉर्डात प्रतिरोध पसरला असे म्हणण्याआधी मी डिस्कचा बॅच क्रमांक विचारते.

ग्रेडियंट स्ट्रिप वापरणाऱ्यांनी आणखी एक नियम पाळावा. स्ट्रिपवर दुप्पटीच्या शिडीतल्या पायऱ्यांच्या मधलेही आकडे छापलेले असतात. सिप्रोची स्ट्रिप ०.३८ वर वाढीला छेदते तेव्हा तो आकडा वरच्या पायरीला, म्हणजे ०.५ ला न्यायचा आणि मगच श्रेणी ठरवायची. ०.३८ तसाच ठेवून ‘०.५ पेक्षा कमी आहे, म्हणजे एस’ असे लिहिणारे रिपोर्ट मी पाहिले आहेत. तो निकाल ‘आय’ आहे.

पायरी तिसरी : हा ‘आय’ कोणता

आता तक्त्यातल्या ओळीची टीप वाचायची. मधली श्रेणी ‘एसडीडी’ असेल तर अट डोसची आहे आणि ती पाळली तर औषध देता येते. ‘आय’च्या पुढे ^ असे टोपीचे चिन्ह असेल, तर ते औषध शरीरात एखाद्या ठिकाणी, बहुधा लघवीत, रक्तापेक्षा कितीतरी अधिक साठते असे सीएलएसआय सांगत असते. सिप्रोला ही टोपी आहे. लघवीच्या नमुन्यातल्या ई. कोलायचा सिप्रोचा झोन २३ मिलिमीटर आला, म्हणजे २२ ते २५ च्या मधल्या पट्ट्यात पडला, आणि रुग्णाला फक्त मूत्राशयाचा साधा संसर्ग असेल, तर लघवीतल्या पातळीमुळे ते औषध उपयोगी पडू शकते. तोच जीवाणू त्याच रुग्णाच्या रक्तातही सापडला तर टोपीचा काही उपयोग नाही, कारण रक्तातली पातळी लघवीइतकी कधीच नसते. म्हणून एकाच जीवाणूच्या दोन नमुन्यांवर दोन वेगळ्या टिपा लिहाव्या लागतात, आणि लघवीचा रिपोर्ट लिहिताना रक्ताचे कल्चर पाठवले होते का हे पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते.

आणि टीपही नाही, टोपीही नाही असा ‘आय’ असेल तर तो मोजमापाचा पट्टा आणि अनिश्चित परिणाम यांचे मिश्रण समजावा. तिथे ‘डोस वाढवा’ असे प्रयोगशाळेने आपल्या मनाने लिहू नये. दुसरे औषध ‘एस’ असेल तर डॉक्टर तेच निवडतील. नसेल तर चाचणी पुन्हा करावी, शक्यतो एमआयसी काढून.

युकास्टच्या देशांतून आलेला रिपोर्ट मात्र वेगळ्या भाषेत बोलतो. युकास्टने २०१९ पासून ‘आय’चा अर्थच बदलला. मोजमापाची अनिश्चितता त्यातून काढून टाकली आणि ‘औषधाचा संपर्क वाढवल्यास संवेदनशील’ एवढाच अर्थ ठेवला. त्यामुळे तिथे ‘आय’ हा ‘एस’च्या बाजूचा आहे, ‘आर’च्या बाजूचा नाही. याची परिसीमा सूडोमोनास एरुजिनोसामध्ये दिसते. सेफ्टाझिडिमसाठी युकास्टने ‘एस’ची रेषा ०.००१ वर ठेवली आहे, म्हणजे कोणताही सूडोमोनास तिथे ‘एस’ येऊच शकत नाही. कसलाही प्रतिरोध नसलेला, एमआयसी २ चा जीवाणूही ‘आय’ म्हणूनच छापला जातो, जेणेकरून डॉक्टरांनी दिवसाला तीनदा १ ग्रॅमऐवजी २ ग्रॅम द्यावे. सीएलएसआयच्या तक्त्यात हाच जीवाणू ‘एस’ आहे, पण तळटिपेत गृहीत डोस दर ६ तासांनी १ ग्रॅम किंवा दर ८ तासांनी २ ग्रॅम असा दिलेला आहे. दोघांचे म्हणणे एकच आहे. एकाने ते अक्षरात घातले, दुसऱ्याने तळटिपेत. लंडनमध्ये राहणाऱ्या मुलाकडे असताना आजारी पडलेले आजोबा परत येताना तिथला रिपोर्ट सोबत आणतात आणि इथला डॉक्टर सगळीकडे ‘आय’ पाहून हादरतो, हा प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. ब्रिटनमधला रिपोर्ट युकास्टचा असतो हे माहीत असले तर हादरण्याचे कारण उरत नाही.

पायरी चौथी : कळवणे

सुरुवातीच्या फोनकडे परत येऊ. रुग्ण ६१ वर्षांचे गृहस्थ, पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आठव्या दिवशी ताप. ब्लड कल्चरच्या दोन्ही बाटल्यांत एन्टेरोबॅक्टर क्लोएसी. हा जीवाणू तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनवर उपचार सुरू असतानाच एक एन्झाइम मोठ्या प्रमाणात तयार करू लागतो आणि सेफ्ट्रिअॅक्झोन निकामी करतो. सेफेपिम त्या एन्झाइमसमोर बऱ्यापैकी टिकते, म्हणून इथे सेफेपिमचा निकाल महत्त्वाचा होता. झोन २२ मिलिमीटर आला. प्रमाणित जीवाणूचा त्या दिवशीचा झोन ३३ होता, म्हणजे डिस्क ठीक होती. ओळीप्रमाणे निकाल ‘एसडीडी’. रिपोर्टवर मात्र ‘आय’ छापला गेला, कारण आमच्या तेव्हाच्या सॉफ्टवेअरमध्ये एस, आय आणि आर एवढेच तीन पर्याय होते, चौथा खाना कोणी तयारच केला नव्हता. डॉक्टरांनी ‘आय’ म्हणजे ‘नाही’ असे वाचले आणि सेफेपिम थांबवून मेरोपेनेम लिहायला घेतले होते. फोन आला नसता तर ते सुरूही झाले असते.

अशा वेळी काय करायचे ते क्रमाने सांगते. फोनवर आधी एक प्रश्न विचारला, “सध्या सेफेपिम किती देताय आणि क्रिएटिनिन किती आहे?” डोस दर १२ तासांनी १ ग्रॅम होता, म्हणजे नेमका ‘एस’मध्ये गृहीत धरलेला. क्रिएटिनिन ०.९ होते. मग ब्रॉथ मायक्रोडायल्युशन लावले. दुसऱ्या दिवशी एमआयसी ४ आली. मेरोपेनेमसारखी औषधे निकामी करणारे एन्झाइम शोधणारी कार्बापेनेमेज चाचणी निगेटिव्ह आली. ही चाचणी सोडू नये, कारण कार्बापेनेमेज तयार करणाऱ्या जीवाणूमध्ये सेफेपिम ‘एस’ किंवा ‘एसडीडी’ दिसले तरी ते तसे कळवायचे नसते. तो निकाल झाकायचा किंवा ‘आर’ करायचा असतो. यानंतर रिपोर्ट सुधारून पाठवला आणि सेफेपिमच्या ओळीखाली अशी टीप जोडली : “सेफेपिम : डोसवर अवलंबून संवेदनशील, एमआयसी ४. ही श्रेणी वाढीव डोस गृहीत धरते. दर १२ तासांनी १ ग्रॅम हा डोस या एमआयसीसाठी पुरेसा मानलेला नाही. मूत्रपिंडाच्या कार्यानुसार डोस ठरवण्यासाठी सूक्ष्मजीवशास्त्र विभागाशी बोलावे.”

या टिपेतल्या प्रत्येक वाक्याला कारण आहे. पहिल्या वाक्यात श्रेणी आणि एमआयसी एकत्र दिली आहे, कारण ‘एसडीडी’मध्ये ४ आणि ८ यांच्यासाठी डोस वेगळे आहेत आणि नुसत्या अक्षरावरून ते कळत नाही. तिसऱ्या वाक्यात काय पुरत नाही ते सांगितले, किती द्यावे ते नाही, कारण डोस लिहिणे हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे काम आहे आणि रिपोर्ट रुग्णाच्या नातेवाइकांच्याही हातात जातो. मूत्रपिंडाचा उल्लेख अनिवार्य आहे. सेफेपिम मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, आणि कार्य मंदावलेल्या रुग्णाला पूर्ण डोस दिला तर ते साचून गोंधळलेपणा, झटके, बेशुद्धी असे मेंदूवरचे परिणाम होतात. अशा रुग्णात कमी केलेल्या डोसनेही पातळी उंच राहू शकते, त्यामुळे ‘एसडीडी’ म्हणजे डोळे मिटून दुप्पट, असे समीकरण कोणी लावू नये.

सॉफ्टवेअरमध्ये चौथा खाना मिळवायला आम्हाला बरेच महिने लागले. तोवर ‘आय’ तसाच छापून त्याखाली हाताने लिहिलेली वरची टीप डकवायचे काम एका तंत्रज्ञाने कंटाळा न करता केले.

मोजताना

वर्षाअखेरीला रुग्णालयाचा अँटिबायोग्रॅम, म्हणजे कोणते औषध किती टक्के जीवाणूंवर चालते याचा तक्ता, करताना या मधल्या श्रेणीचे काय करायचे असा प्रश्न हमखास येतो. सीएलएसआयच्या पद्धतीत संवेदनशीलतेच्या टक्केवारीत फक्त ‘एस’ मोजतात, ‘आय’ त्यात मिसळत नाहीत, आणि ‘एसडीडी’ स्वतंत्र दाखवतात. युकास्टच्या आकड्यांत ‘आय’ हा संवेदनशीलांच्या बाजूचा असतो. दोन रुग्णालयांची टक्केवारी शेजारी-शेजारी ठेवण्याआधी दोघांनी कोणता तक्ता वापरला हे विचारले नाही, तर सूडोमोनासच्या आकड्यांतला फरक जीवाणूंचा नसून अक्षरांचा निघतो.

कोलिस्टिन, जिथे ‘एस’ नाही

शेवटी एक अपवाद, जो नवख्यांना सर्वांत जास्त चकवतो. २०२० पासून सीएलएसआयच्या तक्त्यात एन्टेरोबॅक्टेरेल्स, सूडोमोनास एरुजिनोसा आणि असिनेटोबॅक्टर यांच्यासाठी कोलिस्टिनची ‘एस’ श्रेणीच नाही. २ व कमी ‘आय’ आणि ४ व अधिक ‘आर’, एवढेच. कारण असे, की सुरक्षित डोसात कोलिस्टिनची रक्तातली पातळी पुरेशी गाठेलच याची खात्री देता येत नाही, फुफ्फुसांत तर ती आणखी अपुरी पडते, आणि डोस वाढवावा तर मूत्रपिंडांना इजा होते. इथला ‘आय’ म्हणजे डोस वाढवण्याची परवानगी नव्हे, आणि लघवीतल्या साठ्याची टोपीही नव्हे. या औषधाबद्दल यापेक्षा चांगले काही म्हणता येत नाही, एवढेच ते अक्षर सांगते. त्यामुळे रिपोर्टवर कोलिस्टिनसमोर ‘एस’ छापलेला दिसला तर तो जुन्या तक्त्याचा आहे असे समजावे. ही चाचणी डिस्कने किंवा ग्रेडियंट स्ट्रिपने करायची नसते, कारण हा रेणू मोठा आहे आणि आगरमध्ये नीट पसरत नाही. तेव्हा कोलिस्टिनसमोर मिलिमीटरमधला झोन लिहिलेला असेल, तर श्रेणी कोणती हा प्रश्नच विचारू नये. ती ओळ रद्द करून ब्रॉथ मायक्रोडायल्युशनसाठी प्लेट पुन्हा मागवावी.